हवालदारांच्या डबीतल्या गोळ्या

पडदा वर जातो तेव्हा समोर नदी आहे. रहिमतपूरपासून कोसभरावरचं गाव, पाणी आटून पाऊलभर उरलेलं, मागे उसाच्या फडाची हिरवी भिंत. मधोमध दगडांवर पिंड मांडलेला, त्याच्या कडेला पत्रावळीवर भाकरी, भात, पेलाभर चहा, तंबाखूची चिमूट. डाव्या बाजूला पुरुष, उजव्या बाजूला बायका. सगळी मंडळी आपापल्या जागी वेळेवर आली आहेत. आला नाही तो फक्त एक, ज्याच्यासाठी एवढा खेळ मांडला तो कावळा.

म्हणजे आला होता. पण बाभळीवर बसून होता. नटाला मानपान कमी पडला की तो जसा रंगपटात पान लावत बसतो आणि बाहेर घंटांवर घंटा होत राहतात, तसा तो चोच पुसत बसला होता. खाली दहाव्याचे विधी केव्हाच उरकले होते. आता त्याने पिंडाला चोच लावली की मंडळी आंघोळी करून घराकडे वळायला मोकळी.

मयत झालेले लालासाहेब हवालदार पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. अंगाने उंच, मिशा दोन्ही बाजूंना सारख्या, चालणं असं की गावातल्या गल्लीला उगीच परेडचं मैदान वाटावं. पेन्शन घेऊन पंचवीस-एक वर्षं ऊस केला, बैल पाळले, कुणाच्या भांडणात पडले नाहीत. एका रात्री जेवले, निजले आणि सकाळी उठलेच नाहीत. रहिमतपूरच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि झोपेतच हृदय थांबलं असं सांगितलं. भेटायला येणारी बाई दारातच विचारायची, की शेवटी काय बोलले. त्यांची बायको हरणाबाई पदर डोळ्यांना लावून सांगायची, की म्हसवडच्या सिद्धनाथाचं नाव घेतलं. ऐकणारी बाई हात जोडायची. असं मरण भाग्यवंताला येतं, असं गाव म्हणत होतं.

आणि आता या भाग्यवंताचा कावळा खाली उतरत नव्हता.

धाकटा भाऊ आकाराम पिंडापुढे हात जोडून उभा. हवालदारांना मुलगा नव्हता, एकच मुलगी विजयमाला, म्हणून क्रिया त्यानेच धरलेली. त्याने रीतीप्रमाणे शब्द द्यायला सुरुवात केली. वहिनीला सांभाळू. कावळा गप्प. विजयमालेचं माहेरपण तोडणार नाही. कावळ्याने पंख झाडले. बांधावरचा आंबा तोडणार नाही. एवढा मोठा शब्द आकारामच्या तोंडून गावाने पहिल्यांदाच ऐकला. पण कावळ्यावर काही परिणाम झाला नाही.

"ठेचा ठेवा की," बायकांतून कुणीतरी म्हणालं. "हवालदारांचा जीव ठेच्यात."

ते सगळ्यांना पटलं. हरणाबाईचा ठेचा ही त्या गावातली नुसती खायची वस्तू नव्हती, ती एक कीर्ती होती. हरणाबाई जतकडची. तिकडे पाणी कमी आणि मिरची तिखट. लग्न होऊन आली तेव्हा बोटं मोडत कानडीत मिरच्या मोजायची, ओंदू, एरडू, मूरू. आणि मूरूवर, म्हणजे तिनावर, ती कधी थांबली नाही. तव्यावर मिरच्या भाजल्या की शेजारच्या घरातली माणसं खोकत बाहेर येत. लसूण, मीठ टाकून तांब्याच्या बुडाने ती ते रगडायची आणि हवालदारांच्या ताटात डावीकडे वाढायची. हवालदार रोज रात्री पहिला घास त्यातच बुडवत. रोज म्हणत, की असा ठेचा बसऱ्यापासून बंगालपर्यंत कुठे मिळाला नाही. डोळ्यांतून पाणी यायचं, ते म्हणायचे चुलीचा धूर. पाहुणे एका घासात पाण्याचा तांब्या रिता करायचे आणि हवालदार त्यांच्याकडे पाहून मिशीत हसायचे. हरणाबाईची मान ताठ व्हायची. जेवण झालं की शतपावलीला म्हणून हवालदार गोठ्याकडे जात, बैलांच्या अंगावरून हात फिरवत आणि घटकाभराने परत येत. घरी असले की हा क्रम कधी चुकला नाही.

तेव्हा घरून ठेचा आणवला आणि पत्रावळीवर ठेवला. कावळा खाली आला. मंडळींनी श्वास रोखला. त्याने ठेच्यापर्यंत दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून बघितलं, आणि सरळ मागे फिरून बाभळीवर गेला.

हरणाबाईला ते इतकं लागलं की सांगता सोय नाही. कीर्ती झाल्यावर बारशापासून बाराव्यापर्यंत तिच्या ठेच्याला पाठ दाखवणारा हा पहिलाच.

मग तिला डबी आठवली. पत्र्याची, काडेपेटीएवढी, कडा झिजून चकचकीत झालेली. हवालदारांचं अंथरूण उचलताना विजयमालेला ती त्यांच्या जुन्या पलटणी बुटाच्या आत सापडली होती. वर नाव नाही, कागद नाही. आत वाटोळ्या पांढऱ्या गोळ्या. हरणाबाईने ती त्याआधी कधी पाहिलेली नव्हती. तेव्हापासून ती तिच्या कनवटीला होती आणि डोक्यात होती. आता तिने ती काढली, पुढे झाली आणि एक गोळी ठेच्याशेजारी ठेवली. कुणी काही विचारायच्या आत कावळा उतरला. त्याने गोळीला चोच लावली, ती बाजूला ढकलली, आणि मग भाकरी, ठेचा, पिंड असा सगळ्याचाच समाचार घेतला.

मंडळी आंघोळीला पांगली. हरणाबाई मात्र तिथेच उभी राहिली. धन्याचा जीव मुलीत अडकला नव्हता, बायकोत नव्हता, आंब्याच्या झाडात नव्हता. तो त्या गोळीत अडकला होता. म्हणजे त्यांना काहीतरी दुखणं होतं. मोठं दुखणं होतं. आणि एका छपराखाली राहून, एका ताटवाटीचा संसार करून, ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने काय नसतं केलं? हा काटा तिच्या मनात रुतला तो तिथे.

गावाला काट्याचं काही नव्हतं. गावाला गोळी हवी होती. हवालदार साठी उलटल्यावरही खांद्यावर नांगर घेऊन चालायचे, ते कशाच्या जोरावर, याचा उलगडा आता झाला असं पारावर ठरलं. शेजारचे हंबीरराव तर दुसऱ्याच दिवशी येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, गुडघं लय धरल्यात, हवालदारांची एक गोळी मिळाली तर बघावं.

"तुमास्नी गुडघं कवापासनं?" हरणाबाईने विचारलं. "काल तर फडात कोल्ह्यामागं पळत हुता."

हंबीरराव चहा न घेताच उठले. पण त्यांच्यानंतरही येणारे येतच राहिले, म्हणून हरणाबाईने डबी अशा ठिकाणी ठेवली जिथे परक्याचा हात जाणार नाही: मसाल्याच्या डब्यात, हिंगाच्या खड्याशेजारी.

मग तिने आकारामला पत्र लिहायला बसवलं. विजयमाला सांगलीला दिलेली होती आणि तिच्या घरची औषधं आप्पासो आवटी यांच्या दुकानातून यायची. डॉक्टराने लिहून दिलेलं औषध हा माणूस स्वतः बनवून, बाटलीवर चिठ्ठी लावून देतो, आणि खात्री नसली तर पैसे दिले तरी देत नाही, असं जावई सांगायचे. हरणाबाईला असाच माणूस हवा होता.

पत्र लिहिणं ही आकारामच्या लेखी भाऊबंदकीइतकी गंभीर गोष्ट. त्याने मांडी घातली, टोपी सरळ केली. हरणाबाई सांगत गेली, तो आपल्या पद्धतीने बसवत गेला. शेवटी तयार झालं ते असं:

'राजमान्य राजेश्री आप्पासो आवटी यांसी, दंडवत विशेष. आमचे बंधू लालासाहेब हवालदार कैलासवासी झाले. त्यांच्या पश्चात बुटात गोळ्या सापडल्या. डबीवर नाव नाही. रंग पांढरा. आकार वाटोळा. जाडी हरभऱ्याच्या डाळीपेक्षा जास्त, अख्ख्या हरभऱ्यापेक्षा कमी. चव मयतास ठाऊक. तरी सदर गोळ्या कशाच्या, आणि मयतास दुखणे कोणते होते, हे उलट टपाली कळवावे. काकस्पर्श याच गोळीने झाला, हे आपल्या माहितीसाठी.'

"कावळ्याचं कशाला?" हरणाबाई म्हणाली.

"आसू द्या, वयनी. वळखायला बरं पडंल."

आठवड्याने कार्ड आलं. आप्पासोंचं अक्षर बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं, लहान आणि सुटं. त्यांनी कळवलं होतं, की पांढऱ्या आणि वाटोळ्या गोळ्या दुकानात पुष्कळ जातीच्या आहेत. तापाच्या आहेत, डोकेदुखीच्या आहेत, झोपेच्याही आहेत आणि हरभऱ्याने त्या ओळखता येत नाहीत. कावळ्यानेही नाही. गोळ्या घेऊन यावं. पाहिल्यावरही सांगता येईलच असं नाही. तोवर कोणालाही देऊ नयेत आणि स्वतः चाखू नयेत. शेवटच्या ओळीखाली रेघ ओढलेली होती.

आकारामला हे उत्तर फारच अपुरं वाटलं. त्याने एवढं सविस्तर लिहिलं होतं. पण हरणाबाईला ती रेघ आवडली. तिने रहिमतपूर स्टेशनवरून मिरजेची गाडी धरली, मिरजेहून सांगली गाठली आणि मुलीला बरोबर घेऊन दुकानाची पायरी चढली.

दुकान अरुंद होतं, पण आत लांबवर गेलेलं. भिंतीला काचेच्या बुचांच्या बाटल्या, कोनाड्यात चिनी मातीचा खल, काचेच्या पेटीत नाजूक तराजू. त्याच्यामागे आप्पासो आवटी: किडकिडीत, चष्मा कपाळावर, आवाज इतका मऊ की गिऱ्हाईकही आपोआप हळू बोलू लागे. सांगलीतले जुने जैन गृहस्थ. दिवे लागायच्या आत जेवणारे.

विजयमालेने स्वतःची आणि बसऱ्यापर्यंत जाऊन आलेल्या आबांची ओळख सांगितली. आप्पासोंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"कावळ्याच्या गोळ्या," ते म्हणाले.

हरणाबाईने डबी पुढे केली. आप्पासोंनी ती उघडली आणि लगेच नाक मागे घेतलं. पुन्हा जवळ नेलं. मग चष्मा खाली घेऊन तिच्याकडे पाहिलं.

"बाई, या ठेवल्या होत्या कुठे?"

"मसाल्याच्या डब्यात. हिंगाशेजारी. हात कोन लावंल म्हून."

आप्पासोंनी मान हलवली. वास हे अर्धं ओळखपत्र असतं, त्यावर तुम्ही हिंगाचा शिक्का मारलात, असं काहीसं ते बोलले. हरणाबाई म्हणाली, मग चव बघते, आणि सांगून थांबणारी ती नव्हती. तिने गोळी उचलून तोंडाशी नेलीसुद्धा. त्या मऊ आवाजाच्या माणसाने काउंटरवरून हात लांब करून तिचं मनगट धरलं. विजयमाला तर पाहतच राहिली. आप्पासोंना स्वतःलाच शरमल्यासारखं झालं. हात सोडून ते म्हणाले, की नाव नसलेली गोळी जिभेवर ठेवू नये, जीभ काय आणि घसा काय, मधे फाटक नाही.

मग त्यांचं काम सुरू झालं आणि हरणाबाई स्टुलाच्या कडेवर टेकून एखाद्या नाटकाच्या शेवटच्या अंकाला बसावं तशी बसली. त्यांनी गोळी काचेवर ठेवली, उलटीपालटी केली. मधून एक बारीक रेघ होती. सुरीने रेघेवर दोन तुकडे केले आणि आतली, कोरी, तुटलेली बाजू नाकाशी धरली. बराच वेळ धरली. काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात लिंबाचं सत्त्व विरघळवलं आणि गोळीचा तुकडा टाकला. तुकडा फसफसला. बुडबुडे भराभर वर आले, नळीच्या तोंडापर्यंत फेस चढला.

मग आप्पासो मागे वळले, फळीवरची एक मोठी बाटली काढली आणि तिच्यातली एक गोळी काचेवर डबीतल्या एका अख्ख्या गोळीशेजारी ठेवली. तोच आकार, तीच जाडी, तीच मधली रेघ. तीही नळीत फसफसली.

"दुखणं काय हुतं त्ये सांगा," हरणाबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मोठं आसलं तरी सांगा. मी आता रडून घेतलंय."

आप्पासोंनी घाई केली नाही. लिंबाने फसफसली म्हणजे यात सोडा आहे, ते म्हणाले. तापाची क्विनाइन अशी फसफसत नाही, डोकेदुखीची फसफसत नाही. मोडल्यावर आत हिंगाखाली पेपरमिंटचा वास अजून आहे. दिसायलाही माझ्या बाटलीतल्या गोळीसारखीच आहे. तेव्हा ही बहुतेक सोडा-मिंटची गोळी. आणखी काही यात असेल तर मला इथे बसून कळणार नाही, म्हणून तुम्ही या परत नेऊ नका. पण मला विचाराल तर हीच ती.

"आन ती कशासाठी?"

"खायचा सोडा आणि पेपरमिंट. याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. जेवणानंतर छातीत जळजळलं, आंबट वर आलं, की लोक एक चघळतात." आणि मग त्यांनी अगदी साधेपणाने, धंद्यातला नेहमीचा प्रश्न विचारावा तसा विचारला, "हवालदार रात्रीच्या जेवणात तिखट काही घेत होते का?"

मग विजयमालेने पदराचा बोळा तोंडात घातला. तिचे खांदे हलू लागले. आधी आप्पासोंना वाटलं, पोरीला बापाची आठवण झाली. तिला बापाची आठवणच झाली होती. पण ती रडत नव्हती.

हरणाबाईच्या डोळ्यांपुढून सगळा संसार उलटा चालत गेला. शतपावली. गोठा. बैलांच्या अंगावरचा हात. त्या बिचाऱ्या बैलांना सगळं ठाऊक होतं. पार मागे जाऊन तो पहिला दिवस आला. नवी नवरी, मुलूख परका, सासू सगळ्यांसमोर म्हणालेली, की जतची माणसं, यांना काय सैपाक येतोय. ताटं वाढली. सासऱ्यांनी ठेचा बाजूला सारला, दिराने सारला. आणि रजेवर आलेला, मिशी नुकती फुटलेला तो शिपाई सगळा ठेचा चाटूनपुसून खाऊन म्हणाला, आणखी हाय का? त्या एका वाक्यावर ती त्या घरात राहिली. त्याला आवडतं म्हणून दुसऱ्या वर्षी मिरच्या वाढवल्या. तिसऱ्या वर्षी आणखी. पहिल्या रात्री घेतलेली भूमिका त्या माणसाला मग कधी उतरवताच आली नाही. रोज रात्री तोंडाला रंग लावायचा आणि रोज रात्री गोठ्यात जाऊन तो पुसायचा.

"म्हंजी माझ्या ठेच्यानं गेलं का वो ते?" तिने विचारलं. आता तिच्या बोलण्यात चेष्टा अजिबात नव्हती.

आप्पासोंनी तराजूच्या पेटीवर हात ठेवला. मी औषधं देणारा माणूस, डॉक्टर नव्हे, ते म्हणाले. मयताचं कारण मी सांगू नये. पण तुमच्या डॉक्टरांनी हृदय सांगितलं आहे आणि ही हृदयाची गोळी नव्हे. मोठं दुखणं लपवणारा माणूस असल्या गोळ्यांवर राहत नाही. दुखणंच त्याला राहू देत नाही. ही बाटली माझ्याकडे महिन्याला रिकामी होते आणि ती नेणारे बहुतेक सगळे परत येतात, चांगले मिशा पिळत. "आणि खरं सांगू का बाई," ते हळूच पुढे झुकले, "मी लसूण खात नाही, ठेचा मला ठाऊक नाही. पण ज्या ठेच्यापुढे बसऱ्याहून आलेला हवालदार रोज रात्री नुसता खायचा सोडा घेऊन उभा राहत होता, त्याचा मला आदर वाटतो."

तेव्हा हरणाबाई हसली. आधी नाकाने, मग घशाने, मग अंग गदगदून. हसता हसता कधी रडू लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. आप्पासोंनी तांब्या पुढे केला. विजयमालेने आईच्या पाठीवरून हात फिरवला.

गोळ्या आप्पासोंनी ठेवून घेतल्या. डबी मात्र कोमट पाण्याने धुऊन, पुसून परत दिली. हरणाबाईने ती कनवटीला खोचली. गावात काय सांगायचं, हा पुढचा प्रश्न होता. हंबीररावांना ती ताकदीची गोळी म्हणूनच माहीत राहावी असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. जिवंतपणी एवढा मान राखलेल्या माणसाची मेल्यावर पारावर थट्टा नको. आकारामला सांगायचं, पण त्याच्या ताटात एकदा भरपूर ठेचा वाढल्यावर.

पायऱ्या उतरताना विजयमाला आईची समजूत घालत होती. आबांनी लपवलं खरं, पण वाईट काही लपवलं नाही. दुखणं मोठं नव्हतं, झोपेत गेले, आणि जाताना सिद्धनाथाचं नाव घेतलं. आणखी काय पाहिजे?

हरणाबाई खालच्या पायरीवर थांबली. तिने मागे वळून दुकानात पाहिलं. आप्पासो ती मोठी बाटली फळीवर परत ठेवत होते. मग तिने मुलीकडे पाहिलं आणि एकदाचं खरं काय ते सांगून टाकलं.

"सिद्धनाथाचं नाव मी आपलं सांगितलं गं, लोकं इचारत्यात म्हून. त्ये ताटावरनं उठलं, हात धुतला, आन गोठ्याकडं जाता जाता म्हनालं, 'हरणे, आज ठेच्याला जोर न्हाई बघ.'"